मोडलेलं दही, ढवळलेलं दही

दुकानाच्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारीच फळांच्या योगर्टचा कप ठेवलेला असतो. दोन्ही दुधाचीच, दोन्ही जिवाणूंनीच आंबवलेली. पण दह्याच्या डब्यात चमचा घातला की स्वच्छ कड कापली जाते, कवडी निघते आणि तिच्या जागी खड्डा तसाच राहतो. योगर्टच्या कपात चमचा फिरवला की ते चकचकीत, दाटसर वाहतं आणि पडलेला खड्डा हळूहळू भरून येतो. डेअरीवाले पहिल्याला ‘सेट’ म्हणतात, दुसऱ्याला ‘स्टर्ड’. सेट दही ज्या डब्यात विकलं जातं त्याच डब्यात लागलेलं असतं. स्टर्ड योगर्ट मोठ्या टाकीत लागतं, तिथेच ते मुद्दाम मोडलं जातं आणि नंतर कपात भरलं जातं.

यावर घरी दही लावणाऱ्या कुणालाही प्रश्न पडायला हवा. विरजण लावलेलं भांडं हलवायचं नाही, झाकण काढकाढून बघायचं नाही, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे, आणि ते खरंही आहे. अर्धवट लागलेलं भांडं कुणी कट्ट्यावरून सरकवलं, की सकाळी दही फुटकं, वर पाणी तरंगतंय आणि चव तीच असूनही ताटात वाढावंसं वाटत नाही. मग कारखान्यात टाकीभर दही पात्यानं फिरवतात, नळीतून पंपानं ढकलतात, जाळीतून गाळतात, तरी ते पाणी का सोडत नाही? त्यात थोडा वाटा दुधात घातलेल्या पावडरीचा आणि पेक्टिनसारख्या पदार्थांचा असतो, पण ते नसतानाही उत्तम स्टर्ड योगर्ट बनतं. खरा फरक वेळेचा आहे. दही हलवलं की नाही यापेक्षा ते लागण्याच्या कुठल्या टप्प्यावर हलवलं, यावर सगळं ठरतं.

त्यासाठी दूध घट्ट होतं म्हणजे काय होतं ते बघायला हवं. दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते पाण्यात विरघळलेलं नसतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात. एक गोळा साधारण एका मिलिमीटरच्या पाच ते दहा हजाराव्या भागाएवढा. या गोळ्यांना आतून कॅल्शियम आणि फॉस्फेट धरून ठेवतात, तर बाहेरच्या बाजूला प्रथिनांच्याच बारीक तंतूंची लव असते. त्या लवेवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून गोळे एकमेकांना दूर ढकलतात आणि दूध दूध राहतं.

विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्लपणा मोजतात पीएच या एककात. आकडा जितका खाली, तितका पदार्थ आंबट. ताज्या दुधाचा पीएच 6.6 ते 6.7 असतो. तो खाली येऊ लागला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. गोळ्यांच्या आतलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळून पाण्यात उतरतं, त्यामुळे गोळे सैल पडतात. आणि बाहेरच्या लवेवरचा विद्युतभार कमी होत जातो, त्यामुळे एकमेकांना दूर ठेवण्याची ताकद संपते. पीएच 4.6 ला हा भार जवळपास शून्यावर येतो. तिथवर पोचायच्या आधीच गोळे एकमेकांना चिकटून साखळ्या करू लागलेले असतात, साखळ्यांचं जाळं होतं आणि दुधातलं सगळं पाणी त्या जाळ्याच्या पोकळ्यांत अडकतं. दही म्हणजे हे जाळं. पाणी कुठे गेलेलं नसतं. दुधाइतकंच पाणी दह्यातही असतं, फक्त त्याला बाहेर पडायला वाट नसते.

दूध आधी चांगलं उकळायचं ते का, याचंही कारण इथेच आहे, आणि ते केवळ जंतू मारण्यापुरतं नाही. केसीनखेरीज दुधात जी विरघळलेली प्रथिनं असतात ती साधारण 70 अंशांच्या पुढे उलगडू लागतात आणि केसीनच्या गोळ्यांना बाहेरून चिकटतात. डेअरीत यासाठी दूध 85 अंशांवर अर्धा तास किंवा 90 ते 95 अंशांवर पाचेक मिनिटं धरतात. अशा दुधात जाळं लवकर धरतं, पीएच 5.3 च्या आसपासच, आणि त्याला जास्त फाटे फुटतात. नुसत्या कोमट केलेल्या कच्च्या दुधात ते 4.9 च्या सुमाराला धरतं आणि लेचंपेचं राहतं. म्हणून एक उकळी आली की गॅस बंद करण्यापेक्षा मंद आचेवर पाच-सात मिनिटं दूध ढवळत ठेवलं, तर त्याच दुधाचं दही ठळकपणे घट्ट लागतं.

आता मुद्द्यावर येऊ. दूध 6.7 वर आहे आणि दही 4.5 वर तयार होणार आहे. या उतारावर तीन टप्पे आहेत आणि प्रत्येकात हलवण्याचा परिणाम वेगळा होतो.

पहिल्या टप्प्यात, साधारण 5.4 पर्यंत, ते अजून दूधच असतं. या वेळात भांडं उचला, दुसऱ्या खोलीत न्या, परत ढवळा. काही बिघडत नाही, कारण मोडायला जाळंच नाही. उलट सुरुवातीला विरजण नीट मिसळलं नाही तर ते तळाशी बसतं, तिथे दही आधी लागतं आणि वर नंतर, आणि हा असमानपणा पुढे पाणी सुटण्याचं कारण होतो. विरजणाचा गोळा तसाच दुधात सोडून देण्याची सवय पुष्कळांना असते. त्यापेक्षा तो वाटीत थोड्या दुधात मोडून एकजीव करून मग दुधात घालावा आणि पूर्ण भांडं तळापासून ढवळावं. या क्षणी हात सैल सोडायला हरकत नाही.

दुसरा टप्पा घातक. 5.3 च्या सुमारास जाळं धरतं आणि 4.8च्या खाली जाईपर्यंत ते कच्चं असतं. नुसतं कच्चं नव्हे, तर आतून अस्वस्थ. कारण याच वेळात गोळ्यांच्या आतलं उरलेलं कॅल्शियम-फॉस्फेट निघून जात असतं. एकीकडे गोळे एकमेकांना धरत असतात, दुसरीकडे प्रत्येक गोळा आतून सैल पडत असतो आणि नव्यानं बसायला जागा शोधत असतो. जाळ्याचे धागे लांबतात, सरकतात, काही आपोआपच तुटून दुसरीकडे जुळतात. आपण ज्याला अदमुरं दही म्हणतो, गोडसर, वरवर लागलेलं पण हात लावला तर थरथरणारं, ते साधारण याच टप्प्यावरचं. तेव्हा भांड्याला धक्का बसला तर जे धागे आपोआप तुटणार नव्हते तेही तुटतात.

धागे तुटले तर पुन्हा जुळणार नाहीत का? जुळतात, पण पूर्वीसारखे नाही. इमारतीचा स्लॅब ओतल्यावर सुरुवातीला काँक्रीट हवं तसं सरकवता येतं. पण ते आवळू लागल्यावर कुणी त्यावर पाय दिला तर तडा राहतोच, मागाहून कितीही वाळलं तरी. दह्यात याच्याही पुढची एक गोष्ट होते. तुटलेला प्रत्येक तुकडा आता सुटा असतो, त्याच्या कडा मोकळ्या असतात आणि त्यातल्या गोळ्यांना एकमेकांजवळ येण्यापासून अडवणारं काही उरत नाही. आम्ल वाढतच असतं, चिकटण्याची ओढ वाढतच असते. त्यामुळे तुकडा स्वतःत आवळत जातो, दाट होतो, आणि त्याच्या पोकळ्यांतलं पाणी पिळून बाहेर येतं. हीच निवळी. जिभेला लागणारी बारीक रवाळ कणी म्हणजे असे आवळलेले तुकडे, आणि त्यांच्या मधून वाट काढत वर आलेलं पाणी म्हणजे वर दिसणारा हिरवट थर.

न मोडलेलं दही का आवळत नाही, याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं. तेही आवळायला बघतच असतं. पण ते भांड्याच्या भिंतींना आणि तळाला चिकटलेलं असतं. आत ओढणाऱ्या जाळ्याला भिंत बाहेरून धरून ठेवते, म्हणून पाणी आतच राहतं. भांडं तिरकं केलं की पहिला बळी जातो तो भिंतीशी असलेल्या या बंधाचा. दही कडेपासून किंचित सुटतं, त्या फटीत निवळी उतरते, आणि एकदा मोकळी कड मिळाली की आवळण्याला तिथून सुरुवात होते. म्हणून ‘लागलं का’ हे बघायला भांडं कलतं करणं हा सगळ्यांत वाईट उपाय. झाकण हलकेच काढून वरून बघावं. कडेला चिकटलेलं, सपाट, ओलसर चमक असलेलं पण न डुलणारं दिसलं तर ते लागलं आहे. बघायचंच असेल तर बाजूला एका छोट्या वाटीत त्याच दुधाचं थोडं दही लावून ठेवावं आणि हवं तर तिला वाटेल तितकं कलतं करावं.

तिसरा टप्पा 4.6 च्या आसपास सुरू होतो. कॅल्शियम-फॉस्फेट विरघळून झालेलं असतं, गोळ्यांची आतली पडझड थांबलेली असते, जाळ्याला पक्केपणा आलेला असतो. आता मोडलं तर तुकडे होतात, पण ते नव्यानं आवळून कण्या होण्याची घाई करत नाहीत. नेमकं इथेच कारखान्यात पातं फिरू लागतं.

स्टर्ड योगर्ट करताना दूध टाकीत 42-43 अंशांवर ठेवतात. त्यात दोन जिवाणूंची जोडी असते, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, आणि नेहमीच्या विरजणानं तीनेक तासांत दही लागतं. त्या वेळात टाकीतलं पातं पूर्ण थांबवलेलं असतं. पीएच ठरल्या आकड्यावर आला, सहसा 4.6 च्या खाली, की पातं अगदी सावकाश फिरवतात, दही फक्त सरकेल इतकंच. मग ते नळ्यांतून नेऊन साधारण 20 अंशांपर्यंत थंड करतात, बारीक जाळीतून दाबतात, म्हणजे मोठे तुकडे मोडून एकसारखे होतात, आणि कपात भरतात. उरलेली थंडी शीतगृहात बसते. हा 20 अंशांचा थांबा फार विचारपूर्वक ठेवलेला आहे. थंड होताना केसीनचे गोळे किंचित फुगतात, एकमेकांना टेकणारी त्यांची जागा वाढते आणि दही दाट होतं. कपात भरल्यावर 20 वरून 5 अंशांपर्यंत उतरताना मोडलेले तुकडे एकमेकांना पुन्हा सैलसर धरतात. एक-दोन दिवसांत योगर्ट भरलं त्या वेळेपेक्षा चांगलंच दाट होतं. आधीच 5 अंशांपर्यंत थंड करून मग ढवळलं आणि भरलं असतं, तर ही भरपाई मिळाली नसती.

भरपाई पूर्ण होत नाही, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. ढवळलेल्या दह्याला सेट दह्याचा ताठपणा कधीच परत येत नाही. म्हणून डेअरीवाले दोन युक्त्या करतात. दुधात स्किम्ड मिल्क पावडर मिसळून प्रथिनं वाढवतात, म्हणजे जाळं मुळातच दाट होतं. आणि असे जिवाणू निवडतात जे आम्लाबरोबर साखरेचे लांब, बुळबुळीत धागेही सोडतात. ते धागे पाणी धरून ठेवतात आणि ढवळताना तुकड्यांना वंगण देतात. हाच गुण घरच्या विरजणात अतिरेकी झाला की दह्याला तार येते आणि आपण ते दही फेकतो. कारखान्यात त्याच तारेला मोजूनमापून किंमत दिली जाते.

जाळं धरण्याच्या क्षणी दही किती हळवं असतं याचा अभ्यास जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात झालेला आहे. टाकीजवळच्या पंपांची आणि यंत्रांची कंपनं विरजणाऱ्या दुधापर्यंत पोचली तर काय होतं, हे तिथल्या संशोधकांनी तपासलं. जाळं धरत असताना मिळालेल्या कंपनांनी योगर्टमध्ये मोठ्या, जिभेला लागणाऱ्या गाठी झाल्या. पातं बंद, टाकी जागच्या जागी, नुसती थरथर, तरी हा परिणाम. घरात मिक्सरशेजारी दह्याचं भांडं ठेवू नये, हे यावरून उमजायला हरकत नाही. पण घरातलं मुख्य संकट कंपनांचं नसून माणसांच्या उत्सुकतेचं आहे, असं माझं मत आहे.

हे सगळं स्वयंपाकघरात तपासता येतं आणि एकाच लिटर दुधात. फुल क्रीम दूध घ्यावं, ज्यात स्निग्धांश सहा टक्के असतो. टोन्ड दुधात तो तीन टक्के आणि बाकीचे घन पदार्थही थोडे कमी, त्यामुळे त्याचं दही मुळातच सैल लागतं आणि फरक ओळखणं अवघड जातं. म्हशीचं ताजं दूध मिळालं तर सर्वांत चांगलं, कारण त्यात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं जास्त. दूध मंद आचेवर पाच-सात मिनिटं उकळून, बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट होऊ द्यावं. त्यात दीड चमचा ताजं, न आंबलेलं विरजण नीट मिसळावं आणि सारख्या आकाराच्या चार वाट्यांत ओतून त्या एकत्र, उबदार जागी ठेवाव्यात.

पहिल्या वाटीला हात लावायचा नाही. चौथी वाटी हेरगिरीसाठी. विरजण आणि हवा यांप्रमाणे चार-सहा तासांनी ती हलकेच कलती करून बघत राहावं. दूध असेपर्यंत ते कडेवर झटकन चढतं आणि उतरतं. मग एक वेळ अशी येते की पृष्ठभाग एकसंध साय सरकावी तसा जड सरकतो आणि वाटीच्या भिंतीवर जाडसर थर मागे राहतो. हीच ती वेळ. आता दुसरी वाटी चमच्यानं दहा वेळा ढवळावी आणि परत ठेवून द्यावी. तिसरीला हात लावू नये. सगळ्या वाट्या पूर्ण लागल्या, चव नेहमीच्या दह्यासारखी झाली, की तासाभरासाठी फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मग तिसरी वाटी बाहेर काढून तितक्याच, दहा वेळा, हलक्या हातानं ढवळावी आणि चारही रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्याव्यात.

सकाळी पहिल्या वाटीतून कवडी निघते. तिसरीत दाट, चकचकीत, ओघळणारं दही असतं; चमच्यावर टिकतं पण कापलं जात नाही. दुसऱ्या वाटीत वर पाण्याचा थर, खाली रवाळ, आणि चमच्यातून ते पाणी आणि कण्या असं दोन भागांत उतरतं. ढवळणं दोघांचं सारखंच, दहा वेळा, त्याच चमच्यानं. फरक फक्त काही तासांचा. प्रत्येकातलं सारखं दही मलमलच्या फडक्यात घालून फ्रिजमध्ये टांगलं तर दुसऱ्या वाटीच्या फडक्याखाली पाणी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साचतं. दुसरी वाटी थोडी लवकर ढवळली गेली, जाळं धरायच्या आधी, तर तिचं दही जवळजवळ नीट लागतं. प्रयोग फसल्यासारखा वाटतो, पण तोही पुरावाच आहे. घातक वेळ किती अरुंद असते ते त्यातून कळतं.

या वेळेची रुंदी आपल्या हातात थोडी असते. ऊब जास्त असेल तर आम्ल झपाट्यानं वाढतं, गोळ्यांना नीट बसायला अवधी मिळत नाही, जाळं खरबरीत, मोठ्या भोकांचं होतं आणि ते न हलवताही पाणी सोडतं. उन्हाळ्यात दुपारी लावलेल्या दह्याला पाणी सुटतं ते बऱ्याचदा यामुळे, आणि दोष मात्र भांडं सरकवणाऱ्या मुलावर जातो. किंचित कमी उबेत, सावकाश लागलेलं दही जास्त घट्ट असतं. लागून झाल्यावरही ते तासन्तास उबेतच राहिलं तर आम्ल वाढत राहतं आणि जाळं आवळतं. म्हणून लागलं की थंड करायचं, यात कुचराई नको. पण कोमट दही थंड दह्यापेक्षा नाजूक असतं, आणि फ्रिजपर्यंतची वाट याच नाजूक अवस्थेत पार करायची असते. डेअरीत सेट दह्याचे डबे विरजवायच्या खोलीतून शीतगृहात नेतात तेव्हा हाच धोका असतो. ते शक्य तिथे डबे जागीच ठेवून थंड हवा आत सोडतात. घरी दोन सोपे उपाय आहेत. मोठ्या पातेल्याऐवजी लहान वाट्यांत किंवा सुगडांत दही लावावं, कारण लहान भांड्यात दह्याच्या मानानं भिंत जास्त आणि आधार जास्त. मातीचं भांडं पाणी थोडं शोषतं, हा वरचा फायदा. आणि वाट्या आधीपासून ताटात ठेवाव्यात, म्हणजे उचलायचं ते ताट, वाटी नव्हे.

वर आलेलं पाणी बघून काय बिघडलं ते बऱ्यापैकी ओळखता येतं. दही अखंड, कडेला चिकटलेलं, आणि वर चमचाभर स्वच्छ हिरवट-पिवळी निवळी असेल तर चिंता नको. ते दही थोडं आवळलं आहे एवढंच. हा रंग दुधातल्या बी-2 जीवनसत्त्वाचा, म्हणजे रायबोफ्लेविनचा, खराबीचा नव्हे. दह्याला एक-दोन चिरा आणि चिरांत पाणी, किंवा एका बाजूनं दही भिंतीपासून सुटलेलं असेल, तर भांड्याला धक्का बसला होता किंवा ते कलतं झालं होतं. सगळंच रवाळ आणि मधूनमधून पाणी असेल, तर दुसऱ्या टप्प्यात कुणीतरी ढवळलं आहे. पण दह्यात बुडबुड्यांची भोकं असतील, कवडी वर तरंगून पाणी तिच्या खाली साचलं असेल किंवा यीस्टसारखा वास येत असेल, तर धक्क्याचा काही संबंध नाही. नको ते जंतू शिरून त्यांनी वायू सोडला आहे. ते दही टाकून द्यावं आणि विरजण बदलावं. चमच्यानं दही काढल्यावर खड्ड्यात दुसऱ्या दिवशी साचणारं पाणी मात्र अगदी उत्तम दह्यालाही चुकत नाही. आपणच तिथे मोकळी कड तयार केलेली असते.

आपल्याला निवळी हवीच असते तेव्हा हेच शास्त्र उलटं वापरायचं. श्रीखंडासाठी चक्का करताना दही फडक्यात बांधून टांगतो, तेव्हा ते मोडतं, त्याला हजार मोकळ्या कडा मिळतात आणि पाणी निथळतं. म्हणून दही आधी दोन-चार ठिकाणी कापून मग फडक्यात घातलं तर निथळायला कमी वेळ लागतो. पण हे पूर्ण लागलेल्या, थंड केलेल्या दह्याचंच करावं. अदमुरं दही बांधलं तर फडक्याखाली येणारं पाणी स्वच्छ हिरवट नसतं, दुधाळ पांढरं असतं. त्या पांढरेपणात जाळ्यात अजून न अडकलेलं केसीन असतं, म्हणजे तेवढा चक्का भांड्यात वाहून चाललेला असतो. असं दिसलं तर गाठोडं उतरवावं, दही फडक्यासकट पातेल्यात ठेवून तीन-चार तास उबेत राहू द्यावं आणि निवळी स्वच्छ येऊ लागल्यावरच पुन्हा टांगावं.